तासिका म्हणजे तास नव्हे: परदेशी मूल्यमापनासाठी अभ्यासक्रमाचं भाषांतर

परदेशी संस्थेने पदवीच्या मूल्यमापनासाठी गुणपत्रकासोबत अभ्यासक्रमही मागितला, की तो भाषांतराला दिला जातो आणि सगळं लक्ष मजकुरावर जातं. घटकांची नावं, पारिभाषिक शब्द, उद्दिष्टं, संदर्भग्रंथ. तपासणाऱ्याची नजर मात्र आधी आकड्यांवर जाते. हा विषय आठवड्याला किती वेळ शिकवला, किती आठवडे शिकवला, त्यात वर्गातलं किती आणि प्रयोगशाळेतलं किती, हे त्याला हवं असतं. त्यामुळे पन्नास पानांचं सुरेख भाषांतर पहिल्या पानावरच्या एका चुकीच्या शब्दापायी अडू शकतं. बहुतेक वेळा तो शब्द असतो ‘तासिका’.

अभ्यासक्रम दर वेळी लागतोच असं नाही. ‘ही पदवी तिकडच्या कोणत्या पदवीच्या तोडीची’ एवढंच ठरवायचं असेल तर पदवी प्रमाणपत्र आणि गुणपत्रकं सहसा पुरतात. अभ्यासक्रम मागतात तो दोन प्रसंगी. एक, आधी शिकलेले विषय नव्या विद्यापीठाने माफ करावेत अशी विनंती असते तेव्हा. दुसरा, परिचर्या, अभियांत्रिकी, लेखापाल अशा परवान्याच्या व्यवसायात शिरायचं असतं तेव्हा. दुसऱ्या प्रसंगी तपासणी जास्त कडक असते, कारण नियामक संस्थेकडे विषयवार किमान तासांची किंवा क्रेडिटांची यादी असते आणि ती यादी शेजारी ठेवूनच कागद वाचला जातो.

क्रेडिट एक, अर्थ अनेक

‘श्रेयांक ४’ याचं ‘४ क्रेडिट’ असं भाषांतर बरोबरच आहे, पण त्याने वाचणाऱ्याला फारसं काही कळत नाही. अमेरिकेत एका सत्राचं एक क्रेडिट म्हणजे सुमारे पंधरा आठवडे दर आठवड्याला एक तास वर्गात आणि किमान दोन तास वर्गाबाहेरचं काम, अशी संघराज्य सरकारची व्याख्या २०११ पासून लागू झाली. युरोपच्या ईसीटीएस पद्धतीत पूर्णवेळ वर्षाला ६० क्रेडिट आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचं एकूण काम धरतात. त्यात वर्गही आला, घरचा अभ्यासही आला आणि परीक्षाही आली. ब्रिटनमध्ये एक क्रेडिट म्हणजे दहा तासांचं एकूण काम, आणि वर्षाला १२० क्रेडिट. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या निवडाधारित श्रेयांक पद्धतीने एक श्रेयांक म्हणजे आठवड्याला एक तास व्याख्यान किंवा दोन तास प्रात्यक्षिक, असं मोजमाप दिलं. पुढे २०२३च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात वर्षाला १,२०० अध्ययन तास आणि ४० श्रेयांक, म्हणजे एका श्रेयांकामागे ३० तास आले.

म्हणजे ‘४’ हा आकडा कुठे मुख्यतः वर्गातल्या वेळेवर बेतलेला असतो, तर कुठे विद्यार्थ्याच्या सगळ्या कष्टांवर. यातून भाषांतरकाराने घ्यायचं ते इतकंच: आकडा बदलायचा नाही, पण आकड्यामागची व्याख्या ज्या पानावर असेल ते पान वगळायचंही नाही. हे पान बहुधा विषयाच्या पानांत नसतं. ते अभ्यासक्रमाच्या सुरुवातीच्या सर्वसाधारण नियमांत, ‘श्रेयांक म्हणजे काय’, ‘सत्राचा कालावधी’, ‘कार्यभार’ अशा मथळ्यांखाली सापडतं. लोक विषयाची तेवढी पानं फाडून आणतात आणि किल्ली घरी राहते.

भाषांतरकाराने रूपांतर का करायचं नाही? कारण ते त्याचं कामच नाही. ४ श्रेयांकांचे ६ ईसीटीएस होतात की ३ अमेरिकी क्रेडिट, हे मूल्यमापन करणारी संस्था ठरवते. भाषांतरात कुणी परस्पर ‘६ ईसीटीएस’ लिहून ठेवलं, तर ते मूळ कागदात नसलेलं विधान होतं. मूळ आणि भाषांतर शेजारी ठेवून वाचणाऱ्याला ते चटकन दिसतं आणि मग बाकीच्या आकड्यांवरचा विश्वासही उडतो. विद्यार्थी आग्रह धरतात, ‘लिहा ना, त्यांचं काम सोपं होईल’. सोपं होत नाही. संशय वाढतो.

एका पानाचं उदाहरण

समजा, समोर भौतिक रसायनशास्त्राच्या एका विषयाचं पान आहे. वरच्या चौकटीत लिहिलंय: ‘श्रेयांक ४ (३ + १). अध्यापन: दर आठवड्यास व्याख्यान ३ तासिका, प्रात्यक्षिक २ तासिका. एकूण तासिका ७५.’ खाली चार घटक आहेत आणि प्रत्येकाच्या नावापुढे कंसात आकडा आहे: १२, १०, १२, १०. त्याखाली प्रात्यक्षिकांची यादी. सर्वसाधारण नियमांच्या पानावर दोन वाक्यं सापडतात: सत्र १५ आठवड्यांचं आणि तासिका ५० मिनिटांची.

घाईत केलेल्या भाषांतरात ‘एकूण तासिका ७५’ चं ‘टोटल अवर्स ७५’ होतं. चुकलं कुठे? ७५ तासिका गुणिले ५० मिनिटं म्हणजे ३,७५० मिनिटं, म्हणजेच साडेबासष्ट तास. कागदावर साडेबारा तास जास्तीचे चढले. पण ‘६२.५ तास’ लिहिणंही चूकच, कारण तो आकडा मूळ पानावर नाही. बरोबर मार्ग एकच: ‘तासिका’साठी ‘पीरियड’ किंवा ‘क्लास पीरियड’ लिहायचं, आकडा ७५ च ठेवायचा आणि ५० मिनिटांचं वाक्य जिथे आहे ते नियमांचं पानही भाषांतराला जोडायचं. भागाकार तपासणाऱ्याचा.

इथे अनेकांना धास्ती वाटते की तासिका ५० मिनिटांची हे उघड केलं तर तास कापले जातील. ही भीती बहुतेक वेळा अनाठायी असते. अमेरिकी विद्यापीठांत वर्गाचा ‘तास’ साधारण ५० मिनिटांचाच धरतात, आणि जर्मनीत आठवड्याच्या अध्यापनाचा तास ४५ मिनिटांचा असतो. तपासणाऱ्याला हे रोजचं आहे. त्याला खटकते ती विसंगती. त्याच मूल्यमापनात दुसऱ्या कागदावर ५० मिनिटं आणि इथे ‘अवर्स’ असं दिसलं, की तो खुलासा मागतो.

दुसरी चूक याहून नुकसान करणारी. कुणीतरी हिशेब करतो: चार श्रेयांक, पंधरा आठवडे, म्हणून साठ तास, आणि चौकटीत ‘६० तास’ एवढंच लिहितो. आता पानावरून प्रात्यक्षिक पुसलं गेलं. वाचणाऱ्याला दिसतं की हा विषय आठवड्याला चार व्याख्यानांचा आहे आणि त्यात प्रयोगशाळा नाहीच. प्रयोगशाळेचे तास मागणारी संस्था असेल, तर तिच्या लेखी विद्यार्थ्याने प्रात्यक्षिक केलंच नाही. उलट बाजूने, ७५ हा आकडा व्याख्यान-प्रात्यक्षिक अशी फोड न करता दिला, तर पंधराने भागून आठवड्याला पाच तासिका येतात. शेजारी क्रेडिट मात्र चारच. हे गणित जुळत नाही हे तपासणाऱ्याला दोन सेकंदांत कळतं. म्हणून ‘(३ + १)’ हा कंस जपायचा असतो. तो सजावटीचा नाही. तीन तासिका व्याख्यानाला तीन श्रेयांक आणि दोन तासिका प्रात्यक्षिकाला एक श्रेयांक, हा सगळा हिशेब त्या कंसात आहे.

आता तपासणारा या पानाचं काय करेल? तासांच्या वाटेने गेला तर आठवड्याची तीन व्याख्यानं म्हणजे तीन क्रेडिट, प्रयोगशाळेच्या दोन तासिकांचं साधारण एक, मिळून चार अमेरिकी क्रेडिट. प्रमाणाच्या वाटेने गेला तर वेगळंच उत्तर येतं: त्या पदवीचं पूर्ण वर्ष ४० श्रेयांकांचं असेल आणि अमेरिकेतलं पूर्णवेळ वर्ष ३० क्रेडिटांचं धरलं, तर ४ श्रेयांकांचे ३ होतात. हेच प्रमाण युरोपच्या ६० शी लावलं तर ६, ब्रिटनच्या १२० शी लावलं तर १२. कोणती वाट धरायची हा त्या संस्थेचा निर्णय. पण दुसरी वाट खुली राहायची असेल तर वर्षाचे किंवा सत्राचे एकूण श्रेयांक कुठेतरी दिसायला हवेत. म्हणून सगळ्या विषयांची एकत्र रचना दाखवणारा तक्ता, ज्याला ‘अभ्यासक्रमाची रूपरेषा’ म्हणतात, तो भाषांतरात घ्यायलाच हवा, अगदी एकाच विषयाचं काम असलं तरी.

त्या पानात आणखी एक गंमत आहे. घटकांच्या आकड्यांची बेरीज करून पाहा: १२, १०, १२, १० मिळून ४४. आठवड्याला ३ तासिका गुणिले १५ आठवडे म्हणजे मात्र ४५. मूळ कागद छापतानाच कुठेतरी एक तासिका हरवली आहे. असं सर्रास होतं. भाषांतरकाराने घटकाचा आकडा गुपचूप ११ करायचा नाही, एकूण आकडाही बदलायचा नाही. चौकोनी कंसात एक ओळ टाकायची: ‘भाषांतरकाराची टीप: घटकनिहाय तासिकांची बेरीज मुळात ४४ होते, मजकूर मुळाप्रमाणे ठेवला आहे.’ ही ओळ नसेल तर चूक भाषांतरकाराची समजली जाते.

अध्यापन की अध्ययन

मराठी कागदात सगळ्यात महागात पडणारा फरक एका कान्याचा आणि एका अक्षराचा आहे. ‘अध्यापन तास’ म्हणजे शिकवण्याचे तास. ‘अध्ययन तास’ म्हणजे शिकण्याचे तास, ज्यात विद्यार्थ्याचा घरचा अभ्यासही येतो. चार श्रेयांकांच्या विषयापुढे ‘१२० अध्ययन तास’ असं असेल, तर तो तीस तासांच्या हिशेबाने आलेला एकूण कामाचा आकडा असतो. त्याचं ‘टीचिंग अवर्स १२०’ केलं तर विषय अचानक आठवड्याला आठ तासांचा होतो. जुन्या प्रतीवर, विशेषतः छायाप्रतीच्या छायाप्रतीवर, ‘प’ आणि ‘य’ ओळखणं अवघड जातं. तेव्हा भागाकार करून बघायचा: आकडा आठवड्यांनी भागल्यावर वेळापत्रकात मावेल असा येतो का? नसेल मावत, तर तो अध्ययनाचा आहे.

भागाकार फक्त स्वतःच्या खात्रीसाठी. तो कागदावर उमटवायचा नाही. आकडा खरंच वाचता येत नसेल तर ‘अस्पष्ट’ असं कंसात लिहून विद्यापीठाकडून नवी प्रत मागवणं हाच उपाय.

आकड्यांची लिपीही फसवते. देवनागरी ४ हा रोमन लिपीतल्या आठसारखा दिसतो. इंग्रजीत रोज काम करणाऱ्या टंकलेखकाच्या हातून ४ श्रेयांकांचे ८ होणं हे नेहमीचं आहे. १ आणि ९, ५ आणि ६ यांचाही असाच गोंधळ. बाकी सगळं जमलं तरी शेवटी एकदा तक्त्यातले सगळे आकडे कुणा दुसऱ्याने मोठ्याने वाचावेत आणि भाषांतर करणाऱ्याने मुळाशी पडताळावेत. उभ्या आडव्या बेरजा जुळल्या, की ही चूक उरत नाही.

शब्द जे दोन कामं करतात

‘अभ्यासक्रम’ हा आपला लाडका शब्द चार अर्थांनी वापरला जातो: संपूर्ण पदवीचा कार्यक्रम, एक सुटा विषय, त्या विषयाचा तपशीलवार पाठ्यक्रम, आणि एखादा अल्पमुदतीचा वर्ग. ‘अभ्यासक्रमाचे एकूण श्रेयांक १२०’ इथे तो प्रोग्रॅम आहे. ‘या अभ्यासक्रमाचे श्रेयांक ४’ इथे तो कोर्स आहे. दोन्हीकडे एकच इंग्रजी शब्द टाकला तर १२० क्रेडिटांचा एकच कोर्स असल्यासारखं वाचलं जातं. काम सुरू करण्याआधी या एका शब्दाच्या सगळ्या जागा शोधून अर्थ ठरवून घेतले, तर पुढचा निम्मा त्रास वाचतो.

‘सत्र’ही तसंच. श्रेयांक पद्धतीत सत्र म्हणजे सेमिस्टर, त्याच्या शेवटी परीक्षा. जुन्या वार्षिक पद्धतीच्या कागदांत मात्र ‘प्रथम सत्र’, ‘द्वितीय सत्र’ ही नुसती वर्षाची विभागणी असते आणि विद्यापीठाची परीक्षा वर्षअखेर एकदाच. तिथे ‘टर्म’ लिहायचं. ‘सेमिस्टर’ लिहिलं तर वाचणारा दोन परीक्षांचे निकाल शोधत बसतो. अशा जुन्या कागदावर श्रेयांक नसतातच; असतात ते गुण. ‘१०० गुण’ याचं ‘१०० क्रेडिट’ झालेलं पाहिलं की हसावं की रडावं कळत नाही, पण तसं होतं. ‘क्रेडिट मार्क्स’ असा जोडशब्द बनवून दोन्हींची खिचडी करणंही तितकंच वाईट. जिथे श्रेयांक नाहीत तिथे ते रिकामंच ठेवायचं. आठवड्याच्या तासिका आणि वर्षाचे आठवडे दिलेले असले तर तपासणारा त्यावरून काम भागवतो.

विषयातल्या पारिभाषिक शब्दांना कोशातला पहिला अर्थ लावू नये. ‘अंकेक्षण’ म्हणजे ऑडिटिंग, ‘परिव्यय लेखांकन’ म्हणजे कॉस्ट अकाउंटिंग. लेखापालाच्या परवान्यासाठी ऑडिटिंग हा शब्द कागदावर दिसावा लागतो. ‘आकड्यांची तपासणी’ असं काही अर्थानुवादाने लिहिलं तर यादीतल्या रकान्यात तो विषय बसतच नाही. सगळ्यात मोठा नियम विषयाच्या नावाचा: गुणपत्रक इंग्रजीत असेल, तर त्यावर विषयाचं नाव जसं छापलं आहे तसंच अभ्यासक्रमाच्या भाषांतरात यायला हवं, मग ते नाव भाषांतरकाराला कितीही बोजड वाटो. तपासणारा गुणपत्रकावरचा विषय आणि संकेतांक घेऊन अभ्यासक्रमात शोधतो. नाव वेगळं निघालं तर त्याच्यासाठी तो वेगळा विषय. मूळ अभ्यासक्रमात संकेतांक देवनागरीत ‘रसा ३०४’ आणि गुणपत्रकावर रोमन लिपीत निराळाच असेल, तर मुळातला संकेतांक लिप्यंतर करून ठेवायचा आणि टिपेत दुसऱ्याचा उल्लेख करायचा.

कोणती प्रत, कोणत्या क्रमाने

अभ्यासक्रम दर काही वर्षांनी बदलतो. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आजचा असतो. लागतो तो विद्यार्थी शिकत असताना लागू असलेला. म्हणून मुखपृष्ठावरची ‘शैक्षणिक वर्ष अमुकपासून लागू’ ही ओळ भाषांतरात हवीच. ती नसलेली प्रत घेऊन काम सुरू करू नये. तीन वर्षांच्या पदवीत मध्येच अभ्यासक्रम बदलला असेल तर पहिल्या वर्षासाठी जुना आणि पुढच्यासाठी नवा, अशा दोन प्रती लागतात.

क्रमही महत्त्वाचा. आधी विद्यापीठाकडून किंवा महाविद्यालयाकडून प्रत साक्षांकित करून घ्यायची आणि मग त्या साक्षांकित प्रतीचं भाषांतर करायचं. उलट केलं तर शिक्के, सह्या, हाताने लिहिलेला पान क्रमांक हे सगळं भाषांतरातून सुटतं. शिक्क्याच्या जागी कंसात ‘गोल शिक्का’ असं लिहून आतला मजकूर द्यायचा, सहीच्या जागी ‘सही’, वाचता येत नसेल तर ‘अस्पष्ट सही’. तक्ता मुळात तक्ता असेल तर भाषांतरातही तक्ताच, रकान्यांच्या त्याच क्रमाने. दोन प्रती शेजारी ठेवल्या की बोट ओळीवरून ओळीवर सरकलं पाहिजे.

संदर्भग्रंथांच्या लांबलचक याद्या वगळता येतात का, हे संस्थेलाच विचारावं. चालेल म्हणाले तरी ‘संदर्भग्रंथांची यादी, पान ३४ ते ३६, भाषांतरित केलेली नाही’ अशी ओळ त्या जागी हवी. न सांगता गाळलेलं पान म्हणजे अपुरं भाषांतर.

सही कुणाची चालेल, हे देशागणिक बदलतं. जर्मनीत न्यायालयाने शपथ दिलेल्या भाषांतरकाराची परंपरा आहे. अमेरिकेत तशी सरकारी यादी नाही; तिथे भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे असं भाषांतरकाराने सहीनिशी लिहून दिलेलं निवेदन जोडतात. विद्यार्थ्याने स्वतः केलेलं भाषांतर, त्याचं इंग्रजी कितीही चांगलं असो, सहसा स्वीकारलं जात नाही.

आणि एवढं करूनही कधी कधी पत्र येतं: ‘तासिकेचा कालावधी नमूद नाही’. मूळ कागदातच तो नसेल, तर भाषांतरकाराने टिपेत ‘साधारण ५० मिनिटं’ लिहून ते पत्र मिटवू नये. ती माहिती विद्यापीठाच्या शीर्षपत्रावर, कुलसचिवांच्या किंवा विभागप्रमुखांच्या सहीने, विषयाच्या संकेतांकासह आणि शिकल्याच्या वर्षासह यायला हवी. अशा पत्रात तीन गोष्टी मागून घ्याव्यात: तासिका किती मिनिटांची होती, सत्र किती आठवड्यांचं होतं, आणि व्याख्यान व प्रात्यक्षिक यांच्या तासिका वेगवेगळ्या किती. पत्र मराठीत आलं तर त्याचंही भाषांतर लागेल. विद्यापीठ इंग्रजीत द्यायला तयार असेल, तर इंग्रजीतच मागावं.